चारचौघांतलं प्रेम

आमच्या घरात नवऱ्याचं प्रेम पंचांगाप्रमाणे चालतं. गुढीपाडव्याला थोडं, श्रावणात अधूनमधून, भाद्रपदात भरपूर आणि दिवाळीत तर अगदी ऊतू जातं. मार्गशीर्षापर्यंत ते आटत येतं, संक्रांतीला तीळगुळाच्या निमित्ताने एकदा उसळी मारतं आणि मग लग्नसराई लागेपर्यंत सामसूम.

माणूस वाईट नाही. व्यसन नाही, आरडाओरडा नाही, बाहेरचं काही नाही. पगार घरात येतो, मुलीची फी वेळेवर भरली जाते. पण कौतुक, लाडाने बोलणं, हात हातात घेणं असल्या गोष्टींसाठी त्याला समोर निदान चार माणसं लागतात. घरात आम्ही दोघंच असलो की जेवण, वर्तमानपत्र, मोबाइल, 'दुधाचे पैसे दिलेस का' आणि दिवा बंद. चारचौघांत मात्र तो असा काही फुलतो की माझ्या चुलत जावा आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देतात. 'बघा जरा, शिका काहीतरी.' तेव्हा मी शेजारी उभी असते आणि हसते. दुसरं करणार काय?

गौरींच्या जेवणाचंच घ्या. आमच्या सासरच्या गौरी वाईजवळच्या गावी असतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळवर विसर्जन. आवाहनाच्या दिवशी भाजी-भाकरीचा साधा नैवेद्य, पण दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, चटण्या-कोशिंबिरी, आणि पहिली पंगत बसायची ती बाराच्या आत, कारण आत्याबाईंना पित्त होतं. पहाटे हरभऱ्याची डाळ शिजायला टाकायची, कट काढायचा, डाळ आणि गूळ एकत्र शिजवून घोटायचं. पुरण सैल राहिलं तर पोळी फुटते, फार आटलं तर थंड झाल्यावर त्याचे गोळे होतात, म्हणून पातेल्यात उलथनं उभं राहीपर्यंत तिथून हलता येत नाही. मग गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, कारण गार पुरण यंत्रातून उतरत नाही आणि मनगट धरतं. हे सगळं चाललेलं असताना स्वयंपाकघराच्या दारात हा अवतरतो, बरोबर पंगतीच्या पाच मिनिटं आधी, जेव्हा ओसरीवर सगळे हातपाय धुऊन बसलेले असतात. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, 'अगं, सकाळपासून उभी आहेस. तू बस आता, मी वाढतो.'

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी. दिरांच्या माना खाली. कुणीतरी फोटो काढतं. तो खरोखरच वाढायला घेतो, वरणाचं भांडं उचलतो, दोन पानांवर वरण घालतो, तिसऱ्या पानाशी पुतण्या ते भांडं त्याच्या हातातून काढून घेतो, आणि तो माझ्या शेजारी येऊन बसतो. माझ्या पानावर स्वतःच्या हाताने तुपाची धार सोडतो. मी बसते. पाय दुखत असतातच, आणि त्या क्षणी खोटं कशाला बोलू, बरंही वाटतं. पण त्याच वेळी डोक्यात एक हिशेबनीस जागा होतो. हेच वाक्य आषाढातल्या एखाद्या मंगळवारी का नाही येत? तेव्हाही मी सकाळपासून उभीच असते.

हा प्रश्न माझ्यापुरता नाही हे मला हळूहळू कळलं. बायका आपसांत बोलतात, आणि एकदा बोलायला लागल्या की बऱ्याच घरांतून हाच सूर निघतो. 'आमचे हे कार्यात बघावेत.' याचा सरळ अर्थ 'नाटकी आहे झालं' असा लावून मोकळं होता येतं. मीही काही वर्षं तोच लावत होते. पण त्याने भागत नाही, कारण सणावारी जे चालतं त्यातलं किती नाटक आणि किती खरं, हे वेगळं काढायला बसलं की हाताला भलतंच लागतं.

सत्यनारायणाच्या पूजेत बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला पाटावर बसते. गुरुजी मंत्र म्हणतात, नवरा पळीने पाणी सोडतो, आणि मधूनमधून गुरुजी मान वर न करता सांगतात, 'वहिनी, हाताला हात लावा.' म्हणजे त्याच्या हाताला आपली बोटं टेकवायची, की त्याने केलेलं आपणही केल्यासारखं झालं. या क्षणी गुरुजी आम्हाला एकमेकांविषयी काय वाटतं ते विचारत नाहीत. सकाळी निघताना गाडीत भांडण झालेलं असलं तरी त्यांना चालतं. हात लागला की झालं. विधीचा हाच मोठेपणा मला वाटतो, तो भावनेचा दाखला मागत नाही. लग्नातला घास भरवणं, पाडव्याचं ओवाळणं, डोहाळजेवणात नवऱ्याने बायकोजवळ पाटावर बसणं, सगळं तसंच. शरीराला एक कृती नेमून दिलेली आहे, मनाचं मन पाहील.

आणि तरीही, मागे एका पूजेत मी बोटं टेकवली तेव्हा त्याने कोपर किंचित माझ्या बाजूला सरकवलं. माझा हात अवघडून लांब जात होता, तो जवळ आला. समोर चौरंग, केळीचे खांब, धूर; मागे बसलेल्यांना आमच्या फक्त पाठी दिसत होत्या. ते सरकणं कुणालाही दिसलं नसणार. ते नाटक असेल तर प्रेक्षक कोण होतं?

भरतमुनींचं नाट्यशास्त्र कॉलेजात संस्कृतला असताना थोडंफार शिकले होते. त्यात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. अंग ताठरणं, घाम, रोमांच, आवाज फाटणं, कंप, चेहऱ्याचा रंग पालटणं, अश्रू आणि शुद्ध हरपणं. नाट्यशास्त्राचं म्हणणं असं की सत्त्व हे मनातून उपजतं आणि मन एकाग्र झाल्याशिवाय हे भाव नटाला साधत नाहीत. म्हणजे रंगमंचावरचे अश्रूसुद्धा मन कुठेतरी भिजल्याशिवाय यायचे नाहीत. आपण घरात 'नाटक करू नकोस' म्हणतो तेव्हा नाटक म्हणजे पोकळ काहीतरी असं गृहीत धरतो. ज्यांनी नाटकाचा खोलात जाऊन विचार केला त्यांना ते इतकं पोकळ वाटत नव्हतं.

बरं, उखाण्याकडे येऊ. पूर्वी नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. बायको तर नाहीच. 'अहो', 'इकडून', 'तिकडची स्वारी', फार तर मुलाच्या नावाने हाक. हळदी-कुंकवाला, मंगळागौरीला, नव्या नवरीला उंबरठ्यावर अडवून नाव घ्यायला लावायचं, तेही सरळ नाही, यमकात गुंडाळून. एरवी जिभेवर यायला बंदी असलेलं नाव सगळ्यांसमोर मोठ्याने घ्यायची ती एकमेव सोय होती. आज मी त्याला घरात नावाने हाक मारते, चिडले की आडनावासकट मारते. पण सासरच्या कार्यात त्याच्या आत्यासमोर माझ्या तोंडून आपोआप 'अहो' निघतं. म्हणजे चारचौघांत भूमिका बदलणारा तो एकटाच नाही, एवढं नमूद करून ठेवते.

तर आमच्याकडे नाव घ्यायला तो कधीही मागे हटत नाही. दिराच्या मुलाच्या मुंजीत त्याने घेतलेला उखाणा असा होता:

देवापुढे लावली समई, वात तिची कापसाची,
(इथे माझं नाव) पाठीशी म्हणून चिंता नाही कशाची.

टाळ्या पडल्या. मलाही हसू आलं, पण कारण वेगळं होतं. सिलिंडर कधी नोंदवायचा, मुलीच्या दातांना तार लावणाऱ्या डॉक्टरकडे पुढची तारीख कोणती, सोसायटीचा मेंटेनन्स, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात का, यातलं त्याला काहीही ठाऊक नाही. चिंता नाही कशाची! माझ्याविषयी इतकं खरं विधान त्याने त्याआधी आणि त्यानंतर कधी केलेलं नाही.

मी त्याच्यावर चिडायचे तेव्हा एक गोष्ट लक्षात घेत नव्हते, की तो ज्या घरात वाढला तिथे त्याने काय पाहिलं होतं. सासूबाई हे अगदी सहज सांगतात. दिवसा सासऱ्यांशी त्यांचं बोलणं म्हणजे 'पाणी ठेवलंय' आणि 'पान घेतलंय'. थोरली माणसं घरात असताना नवऱ्याने बायकोशी हसून बोलणं हा चक्क निर्लज्जपणा मानला जाई. वर्षातून एकच दिवस असा होता की सासरे सगळ्यांसमोर त्यांच्याकडे नीट पाहत, तो म्हणजे बलिप्रतिपदेचा पाडवा. ताटात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता. कुंकवाचा टिळा लावायचा, अक्षता घालायच्या, अंगठी-सुपारीने ओवाळायचं, मग निरांजनाने. आणि ताटात पडणारी ओवाळणी. एखाद्या वर्षी पिकं बरी आली तर लुगडं, नाहीतर घडी केलेली नोट.

'मग रागावलात नाहीत कधी? वर्षभर काही नाही आणि एका दिवशी हे?' मी विचारलं होतं.

'रागवायचं काय त्यात? एकदा हिरव्या काठाचं लुगडं पडलं ताटात. मी आखाडात विहिरीवर म्हटलं होतं जाऊबाईंना, हिरवा काठ काय छान दिसतो गं. ह्यांनी कुठून ऐकलं होतं देव जाणे.'

आषाढात ऐकलेलं कार्तिकात ताटात आलं होतं. ते लुगडं त्यांच्याकडे अजून आहे, नेसण्यालायक राहिलेलं नाही. मला त्या लुगड्याचा थोडा हेवा वाटतो, हे मी त्यांना बोलले नाही.

त्या काळी माया होती ती अंधारात, उजेडात नव्हती. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ मध्ये झालं. त्या अकरा वर्षांच्या, माधवराव एकतिशीतले. माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतलं ते रात्री, स्वतः. दिवसा घरातल्या मोठ्या बायका या शिक्षणावरून रमाबाईंना टोचून बोलत, आणि त्या सोसत, हे त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. तो सगळा संसार सार्वजनिक अबोल्यावर आणि खाजगी जवळिकीवर उभा होता. चारचौघांत कोरडं आणि खोलीत ओलं. आमच्या पिढीत ते बरोब्बर उलटं झालं. चारचौघांत प्रेम दाखवायची लाज गेली, उलट ते दाखवल्याने माणूस आधुनिक ठरायला लागला, पण खोलीतल्या दोघांनी काय बोलायचं हे कुणी शिकवलंच नाही. माझ्या नवऱ्याने त्याच्या वडिलांकडून काय उचललं असेल तर एवढंच, की प्रेमाला तिथी असते. रात्री त्यांच्या खोलीत काय चालायचं ते मुलाला कसं दिसणार? दिसला तो पाडवा.

त्यात आता फोटोची भर पडली आहे. इथे मात्र माझं मत कडक आहे. ओवाळण्यात खोटं काही नाही, कारण ओवाळणं काही दावाच करत नाही. पण त्याच ओवाळण्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकून खाली 'माझी शक्ती, माझी प्रेरणा' लिहिलं की दावा सुरू झाला, आणि मग मला तो तपासून पाहायचा हक्क आहे. मागच्या दिवाळीत असा फोटो टाकल्यावर त्याला तासाभरात बदामांची रास मिळाली. मी शेजारच्या खुर्चीवर होते. तो मान खाली घालून एकेका बदामाला उत्तर देत बसला होता आणि मी दोनदा विचारलं की चहा करू का. दोन्ही वेळा उत्तर आलं नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नुकतं लग्न झालेल्या जोडप्यांचं निरीक्षण केलं होतं. भांडणं मोजण्यापेक्षा त्याने एक साधीशी गोष्ट पाहिली. एकाने दुसऱ्याकडे लहानसा हात पुढे केला, म्हणजे 'बघ, तो पक्षी बघ' किंवा 'आज पाठ धरलीये' असं काही म्हटलं, तर दुसरा वळतो का? वळणं म्हणजे काही मोठं नव्हे, 'कुठे?' एवढं म्हटलं तरी पुरे. सहा वर्षांनी पाहिलं तर ज्यांचा संसार टिकला होता ते सुरुवातीच्या त्या निरीक्षणात शंभरातून ८६ वेळा वळले होते, आणि जे वेगळे झाले ते ३३ वेळा. मला या आकड्यांत ८६ पेक्षा ३३ जास्त बोलका वाटतो. शून्य नाही तो. म्हणजे मोडणाऱ्या घरातही तीन हाकांना एक ओ मिळतच असते, आणि त्या एका ओवर माणूस बरीच वर्षं काढतो. 'अगदीच काही नाही असं नाही हो' असं म्हणत.

आमच्याकडे काय होतं ते एका उदाहरणाने सांगते, कारण या उदाहरणाने माझा सगळा हिशेब विस्कटला. पितृपक्षातली गोष्ट असेल. संध्याकाळी मी तोंडली चिरत होते. तोंडलं बाहेरून हिरवंगार, कोवळं दिसतं. चिरल्यावर कळतं, आत लाल झालेलं आणि बिया टणक. अर्ध्याहून जास्त तशी निघाली. मी म्हटलं, 'ही बाई ना, वरून माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करते आणि पिशवीत जून तोंडली भरते. गोड बोलून घात.' तो समोरच सोफ्यावर होता. म्हणाला, 'हं.' मान वर झाली नाही. मी ती लाल तोंडली बाजूला काढत बसले आणि नेहमीप्रमाणे मनात एक रेघ ओढली.

दिवाळीत त्याच्या बहिणीकडे फराळाला जमलो होतो. सगळे बसलेत, चिवडा चाललाय, त्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांदेखत अनारशाचा तुकडा मोडून मला भरवून झालाय, आणि कुणीतरी भाज्यांच्या भावांचा विषय काढला. हा सरसावून बसला. 'आमच्या हिची भाजीवाली ऐका.' आणि त्याने ती अख्खी गोष्ट सांगितली. वरून मुलीच्या अभ्यासाची चौकशी, पिशवीत जून तोंडली, माझा आवाज, माझा हातवारा, सुरी हातात धरून मी मान कशी हलवते ते, आणि शेवटी माझंच वाक्य, शब्दही न बदलता: 'गोड बोलून घात!' सगळे लोळण घेत हसले. नणंदबाई म्हणाल्या, 'किती लक्ष असतं रे तुझं बायकोकडे.'

मी सुन्न. कारण त्याचं लक्ष होतं. मान वर न करता त्याने ते सगळं पाहिलं होतं, नीट ठेवून दिलं होतं, आणि आठवडे उलटल्यावर, श्रोते मिळाल्यावर, बाहेर काढलं होतं. मग त्या संध्याकाळी मला जे 'हं' मिळालं ते काय होतं? माझ्यापुरतं एक हसू त्याच्याकडे तेव्हाही असणारच. ते त्याने मला दिलं नाही, जमावाला दिलं. मला राग आला, आणि त्याच रागात कुठेतरी हेही कळत होतं की ज्याचं प्रेमच नाही त्याला बायकोचा हातवारा इतका पाठ नसतो.

घरी परतताना गाडीत मी विषय काढला. मुलगी मागे झोपली होती.

'तू घरी असा का नसतोस?'

'कसा?'

'आत्ता होतास तसा.'

तो बराच वेळ गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, 'घरी कशाला? घरी तूच असतेस ना.'

हे वाक्य मी त्यानंतर अनेकदा उलटून पाहिलं आहे. 'तू आहेसच, तुला काय सांगायचं' हा त्याचा अर्थ असेल तर ते जवळपास प्रेमाचंच वाक्य आहे. 'तू एकटीच असतेस, मग कशाला' असा असेल तर ते भयंकर आहे. मी विचारलं नाही. पुढे त्याने आपणहून आणखी एक सांगितलं, की घरात गोड बोललं तर मी लगेच विचारते, 'काय हवंय?' तेही खरं आहे. त्याच्या घरातल्या गोडव्याची इतकी सवय मोडली आहे की तो आला की मला खर्च आठवतो.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून एखादी बाई भलतंच समाधान करून घेईल. चारचौघांत प्रेमळ असणाऱ्या नवऱ्यांत दोन अगदी वेगळ्या जाती आहेत आणि कार्यात त्या ओळखू येत नाहीत. एक आमच्याकडची, ज्याला संहितेशिवाय बोलता येत नाही. दुसरी, जी घरात बायकोला तोडून बोलते, पैशापैशाचा हिशेब मागते, माहेरी फोन करू देत नाही, आणि म्हणूनच बाहेर गोड असते. माझ्या एका मैत्रिणीने हे भोगलं. तिचा नवरा प्रत्येक वाढदिवसाला भाषण करायचा. तिने अखेर घरच्यांना सांगितलं तेव्हा तिच्या सख्ख्या आईने म्हटलं, 'अगं, तो तर किती प्रेमळ आहे, आम्ही पाहिलंय ना.' वर्षानुवर्षं केलेल्या भाषणांनी त्याने आधीच साक्षीदार उभे करून ठेवले होते.

ओळखायचं कसं, तर मी तिच्याकडून शिकले ते असं की घरी परतल्यानंतरचा तास पाहावा. कार्यातला प्रेमळपणा तिथे नुसता मावळतो, की त्याची वसुली सुरू होते? 'सगळ्यांसमोर एवढं डोक्यावर घेतलं तुला, आणि तू माझ्या काकांना चहा दुसऱ्यांदा विचारला नाहीस.' पाहुणे गेल्यावर पोटात गोळा येत असेल, पुढचं कार्य जवळ आलं की झोप उडत असेल, तर तो प्रश्न ललित लेखाचा नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात हात उगारणं तेवढंच येत नाही. अपमान करणं, धमकावणं, पैशांची कोंडी करणं हेही येतं. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात, १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, आणि तिथे आधी नातेवाइकांना पटवावं लागत नाही.

आमच्या गाडीत परतीचा तास कंटाळवाणा असतो. हा गाणी लावतो, टोलनाक्यावर सुटे मागतो. प्रेम संपलेलं असतं, पण बिल येत नाही.

मग माझं नेमकं दुखतं कुठे, हे मी शोधत गेले तेव्हा एक जागा सापडली. सणातलं त्याचं कौतुक हे कुठल्याही बायकोचं असू शकतं. 'सकाळपासून उभी आहेस', 'हिच्यामुळेच घर चालतं', 'माझी शक्ती'. नाव काढून जावेचं घातलं तरी चालेल, उखाण्यात तर तेवढीच जागा मोकळी सोडलेली असते. सासऱ्यांचं लुगडं तसं नव्हतं. तो हिरवा काठ विहिरीवरच्या एका वाक्याचा होता, तो दुसऱ्या कुणाला देता आला नसता. दोघांनाही प्रेक्षक होते, दोघांनाही तिथी होती. एका बाईला मात्र कळलं होतं की आपलं बोलणं ऐकलं गेलं. तोंडल्यांच्या गोष्टीने मी रागावूनही विरघळले ती त्यामुळेच, ती गोष्ट माझीच होती. म्हणजे त्याला येतं. माल आहे, पोहोचवण्याचा पत्ता तेवढा चुकतो.

गेल्या काही महिन्यांत मी एक केलं. त्याला संहिता लागते ना, मग संहिता देऊ. संध्याकाळचा चहा गच्चीलगतच्या खोलीत, मोबाइल बाहेर, आणि दिवसभरातली एक गोष्ट त्याने मला सांगायची, जी ऑफिसातल्या कामाची नसेल. पहिले काही दिवस ते इतकं केविलवाणं झालं की काय सांगू. तो पाटावर बसल्यासारखा ताठ बसायचा आणि 'आज लिफ्ट बंद होती' असं म्हणून माझ्याकडे पाहायचा, झालं का, या अर्थाने. मी 'हं' म्हणायचे आणि माझंच मला हसू यायचं. मुलगी दारातून डोकावून म्हणाली, 'तुमचा इंटरव्ह्यू चाललाय का?' एखाद्या दिवशी तो खरंच काही सांगतो. एकदा लिफ्टमध्ये भेटणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल बोलला, जे हल्ली मजल्याचं बटण दाबायला विसरतात आणि वरखाली करत राहतात, आणि तो त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारून आला होता. ते सांगताना त्याचा आवाज कार्यातला नव्हता. पण बरेच दिवस लिफ्ट बंदच असते. चहा सुरू आहे.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मेपासून. सुमारे तीन वर्षांनी येणारा हा महिना म्हणजे जावयांचा. माझ्या आईने तांदूळ भिजवायचा दिवसही ठरवलाय. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग कापडावर पसरून किंचित ओलसर असतानाच कुटायचे, गूळ मिसळून पीठ मुरवत ठेवायचं, खसखशीवर थापून तुपात तळायचे. नाजूक काम आहे. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात विरघळतो, कमी पडला की जाळी पडत नाही. ३३ अनारसे, चांदीचं निरांजन, जावयाला धोतराऐवजी हल्ली शर्टपीस. तिथे माझी मावशी असेल, मामा-मामी असतील, आणि हा आपल्या पूर्ण तेजात असेल. काय बोलेल तेही मला साधारण पाठ आहे.

म्हणून परवा चहाच्या वेळी मीच माझी गोष्ट सांगितली. म्हटलं, 'आईकडे माझं कौतुक कर, हवं तेवढं कर, मी हसेन. उखाणाही घे. फक्त सगळ्यांसमोर मला अनारसा भरवू नकोस.'

'का गं?'

'मला अनारसे आवडत नाहीत.'

त्याने कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडे पाहिलं.

'कधीपासून?'